रिकव्हरीचा नंबर बंद, पर्यायी ईमेलही बंद: जीमेल खातं परत मिळवण्याची रीत

आखातातून किंवा बोटीवरची नोकरी संपवून घरी आलेल्या माणसांची एक अडचण फोंड्यातल्या माझ्या दुकानात पुन्हा पुन्हा येते. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं हे दुकान आहे, त्यामुळे कोणाचं ईमेल अडकलं की माणूस इथेच येऊन उभा राहतो. नवा फोन घेतलेला असतो, जीमेल पासवर्ड मागतं, आणि पासवर्ड आठवत नाही, कारण जुन्या फोनने तो कित्येक वर्षांत विचारलेलाच नसतो. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की गूगल कोड पाठवायला तयार होतं, पण तो जाणार असतो तिकडच्या नंबरावर, जो व्हिसा रद्द झाला तेव्हाच बंद झाला. दुसरा पर्याय म्हणून दिसतो तो ईमेल पत्ता कंपनीचा, आणि नोकरी सुटली तशी ती पेटीही गेली.

अशी खाती परत मिळतात. सगळीच मिळत नाहीत, पण जी मिळत नाहीत त्यांतली बरीच पहिल्या दोन दिवसांतल्या घाईमुळे हातची गेलेली असतात. म्हणून हा लेख जीमेलच्या याच एका प्रसंगावर आहे: नंबर जुना, पर्यायी पत्ता जुना, पासवर्ड विसरलेला.

समोर माणूस नाही, मोजमाप आहे

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. मोफत जीमेल खात्याच्या बाबतीत तुमची कहाणी ऐकून निर्णय घेणारा कोणी अधिकारी नसतो. आधार कार्ड पाठवून, फोन करून, विनवणी करून काही होत नाही. गूगल खातं परत देण्यासाठी फोनवर मदत देत नाही, आणि कोणत्या एजंटालाही तसा अधिकार दिलेला नाही. निर्णय यंत्र घेतं, आणि ते साधारण तीन गोष्टी तपासतं. मागणी करणारं उपकरण या खात्याच्या ओळखीचं आहे का? मागणी नेहमीच्या ठिकाणाहून, नेहमीच्या इंटरनेटवरून येते आहे का? आणि या माणसाला असं काही माहीत आहे का, जे फक्त खातेदारालाच माहीत असेल, म्हणजे मुख्यतः एखादा जुना पासवर्ड?

नंबर आणि पर्यायी पत्ता हे दोन सोपे पुरावे हातात नसले की सगळा भार या तिघांवर येतो. म्हणून फॉर्म भरण्याआधीच बरंचसं काम करायचं असतं.

पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण घेणार आहे. डिचोली तालुक्यातले एक काका अबू धाबीत हॉटेलच्या स्वयंपाकघरात होते. परत येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. रिकव्हरीचा नंबर तिकडचा, पर्यायी पत्ता हॉटेलचा. नवा फोन घेतल्यावर जुना फोन त्यांनी पूर्ण रीसेट करून नातीला दिला. त्यानंतर बँकेच्या कामाला म्हणून पणजीला गेले असताना खातं उघडायला बसले आणि अडकले.

सुरुवातीला काय करू नये

जिथे कुठे ते खातं अजून उघडं आहे, तिथून साइन आउट करू नका. हे वाचायला सोपं वाटतं, पण ‘एकदा बाहेर पडून पुन्हा आत जाऊन बघूया’ असं अनेक जण करतात आणि शेवटचं उघडं दार स्वतःच बंद करतात. ब्राउझरचा इतिहास आणि कुकीज पुसू नका, कारण ब्राउझर ओळखीचा वाटतो तो त्यांच्याच आधाराने. जुना फोन रीसेट करू नका. अँड्रॉइड फोन सेटिंग्जच्या बाहेरून, बटणं दाबून रीसेट केला तर तो सुरू होताना त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. चोरीपासून संरक्षण म्हणून ही सोय आहे, पण अशा वेळी खातंही जातं आणि फोनही अडकतो.

आणि घाईघाईने पुन्हा पुन्हा फॉर्म भरू नका. काकांनी पणजीत, नव्या फोनवर, मोबाइल डेटावर, म्हणजे अनोळखी उपकरणावरून आणि अनोळखी जागेवरून लागोपाठ प्रयत्न केले. थोड्याच वेळात खूप जास्त प्रयत्न झाल्याचा संदेश आला आणि वाट तात्पुरती बंद झाली. अशा वेळी काही तास, शक्य तर एक पूर्ण दिवस, त्या खात्याला हातच लावू नये.

अजून उघडं असलेलं उपकरण शोधा

घरात बसून आठवायचं: हे खातं आजवर कुठे कुठे उघडलं होतं? कपाटातला बॅटरी गेलेला फोन, मुलांचा टॅब, मुलीचा लॅपटॉप, पूर्वीच्या ऑफिसातला संगणक. जुना अँड्रॉइड फोन सापडला तर तो चार्ज करा, त्यात सिम नसली तरी चालते, घरच्या वाय-फायला जोडा आणि Gmail उघडून बघा. मेल दिसत असतील तर अर्धी लढाई संपली. नव्या उपकरणावरून रिकव्हरी सुरू केली की या जुन्या फोनवर ‘तुम्हीच साइन-इन करत आहात का’ असा प्रश्न येऊ शकतो. तिथे Yes दाबून, दाखवलेला आकडा जुळवला की काम होतं. आयफोन असला तरी त्यावरच्या Gmail किंवा Google अॅपमध्ये असा प्रश्न येतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे रिकव्हरी त्या जुन्या फोनवरूनच करणं. फोनच्या Settings मध्ये Google, मग खात्याचं नाव, मग Security अशा वाटेने पासवर्ड बदलायला जा आणि जुना पासवर्ड विचारला तिथे ‘पासवर्ड विसरलो’ निवडा. बऱ्याच वेळा गूगल त्या फोनच्या स्क्रीन लॉकचा पिन किंवा बोटाचा ठसा मागतं आणि तेवढ्यावर नवा पासवर्ड ठरवू देतं. म्हणून जुन्या फोनचा स्क्रीन लॉक आठवत असेल तर तो काढून टाकू नका.

काकांचा जुना फोन रीसेट झालेला, म्हणजे ही वाट बंद. पण मुलगा पुण्याहून चवथीला घरी आला होता आणि त्याच्याबरोबर त्याचा लॅपटॉप होता. याच लॅपटॉपवर काकांनी पूर्वी सुट्टीत आले असताना विमानाची तिकिटं छापण्यासाठी आपलं जीमेल उघडलं होतं. आता ते तिथे उघडं नव्हतं, तरीही तो लॅपटॉप या खात्याला ओळखीचा होता. आणि त्यात आणखी एक गोष्ट असण्याची शक्यता होती.

ब्राउझरने जपून ठेवलेला पासवर्ड

पासवर्ड टाकल्यावर Chrome ‘हा साठवून ठेवू का?’ असं विचारतं, आणि आपण न वाचता हो म्हणतो. तो पासवर्ड नंतर वाचता येतो. Chrome च्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

Firefox असेल तर हे:

```
about:logins
```

यादीत google.com किंवा accounts.google.com शोधा. पासवर्ड दाखवण्याआधी विंडोज स्वतःचा पिन किंवा पासवर्ड मागेल, म्हणून लॅपटॉपचा मालक शेजारी हवा. Chrome मध्ये एकाहून जास्त प्रोफाइल असतील तर वर उजव्या कोपऱ्यातून प्रत्येक प्रोफाइल उघडून पाहा; घरात तिघे जण एकच लॅपटॉप वापरत असतील तर पासवर्ड भलत्याच प्रोफाइलमध्ये सापडतो.

काकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर एक पासवर्ड मिळाला. तो टाकून पाहिला तर खातं उघडलं नाही, पण पडद्यावर आलं की तुमचा पासवर्ड अमुक महिन्यांपूर्वी बदलला गेला आहे. काका हिरमुसले. मी मात्र त्यांना म्हटलं, “काका, ही चांगली बातमी आहे. हा पासवर्ड कधीतरी खरोखर तुमचा होता, हे गूगलनेच कबूल केलं.” नुसता चुकीचा पासवर्ड टाकला तर फक्त चुकीचा आहे एवढंच सांगितलं जातं. बदलल्याचा काळ दिसला तर तो खरा जुना पासवर्ड आहे, आणि रिकव्हरीच्या फॉर्ममध्ये तो पुरावा म्हणून चालतो.

ब्राउझरमध्ये काही मिळालं नाही तर वह्या चाळा. आमच्याकडची जुनी माणसं पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर किंवा बँकेच्या पासबुकाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतात. कॅपिटल अक्षरं आणि शेवटचे आकडे जसे लिहिलेत तसेच नोंदवा.

नंबर खरंच गेला आहे का?

इथे घाईने ‘बंद’ म्हणून सोडून देणाऱ्यांचं नुकसान होतं. नंबर भारतातला असेल आणि रिचार्ज न केल्यामुळे किंवा सिम हरवल्यामुळे बंद पडला असेल, तर कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा आणि नंबर अजून तुमच्याच नावावर आहे का ते विचारा. असेल तर दुसरी सिम मिळते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणून या काळात विचारायला गेलं तर आशा जास्त. आपल्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही पाहता येतं.

नवी सिम हातात आली की लगेच ओटीपीची वाट पाहत बसू नका. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. सिमच्या फसवणुकीला आळा म्हणून हा नियम आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे लोक त्याच दिवशी दहा वेळा कोड मागवतात आणि स्वतःला अडवून घेतात. दुसऱ्या दिवशी एखादा साधा मेसेज येतो का ते पाहा, मगच कोड मागा.

परदेशातला नंबर मात्र व्हिसाबरोबर गेला की तो गोव्यात बसून परत मिळेल अशी अपेक्षा धरू नये. तो दुसऱ्या कोणाला दिला गेला असेल तर त्या अनोळखी माणसाला फोन करून ‘तुम्हाला कोड येईल तो सांगा’ असं म्हणण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे: करू नका. त्याच्याकडे नंबर आहे, आणि तुम्ही आपला ईमेल पत्ता त्याला सांगितलात, की तुमचं खातं तो स्वतःच्या फोनवरून रिकव्हर करू शकतो. नंबर घरातल्याच कोणाकडे गेला असेल, म्हणजे भावाने किंवा भाच्याने वापरायला घेतला असेल, तर गोष्ट वेगळी.

पर्यायी पत्ता जिवंत करता येतो का?

रिकव्हरीच्या पडद्यावर पर्यायी पत्त्याची एक-दोन अक्षरं आणि डोमेनची सुरुवात दिसते, बाकी ठिपके असतात. त्यावरून पत्ता कोणता होता ते ओळखा. पत्ता याहू किंवा हॉटमेलचा असेल तर आधी तोच उघडून पाहा, कारण एका खात्याचं दार दुसऱ्यातून उघडतं. मात्र याहू १२ महिने न वापरलेली पेटी रिकामी करतं आणि मायक्रोसॉफ्ट २ वर्षं न वापरलेलं खातं बंद करू शकतं, त्यामुळे जुन्या पत्त्यावर फार विसंबू नये.

पत्ता कंपनीचा, कॉलेजचा किंवा हॉटेलचा असेल तर मात्र एक चांगली वाट आहे, जी फार थोड्यांना सुचते. अशा संस्थेचं डोमेन आयटी विभागाच्या हातात असतं. तुमची पेटी त्यांनी बंद केली असली, तरी तोच पत्ता ते काही तासांसाठी पुन्हा तयार करू शकतात किंवा त्या पत्त्यावर येणारं पत्र दुसरीकडे वळवू शकतात. एचआरला विनंतीचा मेल लिहा: मी अमुक वर्षांत इथे नोकरीला होतो, माझा कर्मचारी क्रमांक हा, माझ्या खासगी खात्याचा रिकव्हरी कोड या जुन्या पत्त्यावर येणार आहे, तेवढ्यापुरता पत्ता चालू करता येईल का. जुन्या सहकाऱ्याने तिथे जाऊन आठवण केली तर काम लवकर होतं. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा नकार देतात, लहान हॉटेलं आणि शाळा ऐकतात. काकांच्या हॉटेलने उत्तरच दिलं नाही, म्हणून आम्ही पुढे गेलो.

फॉर्म कसा भरायचा

पुरावे गोळा झाल्यावर घरी बसा. दुकानात किंवा सायबर कॅफेत नको, माझ्या दुकानातही नको. काकांना मी डिचोलीला त्यांच्या घरीच बसायला सांगितलं, कारण तिथलं वाय-फाय त्यांच्या खात्याने यापूर्वी पाहिलेलं होतं. व्हीपीएन असेल तर बंद करा. खाजगी विंडो वापरू नका. मुलाचा तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर, तेच प्रोफाइल घ्या. पावसात वीज जाऊन राउटर बंद पडला तर तिथेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाऊ नका, वीज येईपर्यंत थांबा.

पत्ता हा आहे:

```
g.co/recover
```

ईमेल पत्ता नीट टाका. gmail.com च्या पत्त्यात मधले टिंब असले-नसले तरी फरक पडत नाही, पण एक अक्षर चुकलं तर खातं सापडत नाही असं दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो. पुढे काय विचारलं जाईल याचा क्रम प्रत्येक वेळी सारखा नसतो. साधारणपणे आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारतात. इथे काकांनी लॅपटॉपमध्ये सापडलेला पासवर्ड टाकला. नक्की आठवत नसेल तरी रिकामं सोडून पुढे जाऊ नका, सर्वात जवळचा वाटेल तो टाका. चुकीच्या अंदाजाने खातं कायमचं अडकत नाही, पण न दिलेल्या उत्तरातून काहीच मिळत नाही.

नंतर जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पडदा येईल. तो नंबर तुमच्याकडे नाही, तर कोड मागवू नका, खालचं Try another way दाबा. मग पर्यायी पत्त्याचा पडदा येईल, तिथेही तेच. प्रत्येक वेळी पर्याय शिल्लक आहे तोवर पुढे जात राहायचं. काही खात्यांना शेवटी असा प्रश्न येतो की तुमच्याशी संपर्क करता येईल असा एखादा ईमेल द्या. इथे आत्ता उघडता येणारा, स्वतःच्या भरवशाचा पत्ता द्या. काकांनी मुलाचा दिला. त्या पत्त्यावर लगेच एक कोड येतो, तो पडद्यावर टाकायचा. कोड दिसला नाही तर स्पॅमची पेटी पाहा. खातं उघडता का येत नाही असं विचारून लिहायला जागा दिली असेल तर थोडक्यात आणि खरं लिहा: परदेशातून परत आलो, तिथला नंबर आणि कंपनीचा पत्ता बंद झाला.

खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर काम कठीण होतं. तेव्हा पासवर्ड आठवूनही पुरत नाही, दुसरा टप्पा लागतो. तो चालू करताना आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात, ते कुठे छापून किंवा फाइलमध्ये ठेवले होते का ते शोधा. त्यातला न वापरलेला एक कोड ओटीपीचं काम करतो. तेही नसतील तर याच फॉर्ममधून जावं लागतं, आणि अशा पडताळणीला तीन ते पाच कामाचे दिवस लागू शकतात.

थांबण्याचा काळ आणि एक चुकीचं बोट

सगळे पुरावे दिल्यावरही खातं लगेच मिळेलच असं नाही. बऱ्याचदा गूगल काही तासांची किंवा काही दिवसांची थांब देतं. काकांना ४८ तासांची मिळाली. हा काळ मुद्दाम ठेवलेला असतो, कारण खातं चोरायला बसलेला माणूस असेल तर खऱ्या मालकाला सावध करता यावं. म्हणून या काळात त्या खात्याशी जोडलेल्या सगळ्या उपकरणांवर इशारा जातो: कोणीतरी तुमचं खातं परत मिळवू पाहतंय, तो तुम्ही आहात का?

इथे घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट सगळं काम बिघडवतं. कपाटातला टॅब नातवाच्या हातात असतो, पडद्यावर लाल इशारा येतो, तो घाबरून ‘मी नाही’ दाबतो, आणि मागणी तिथेच रद्द होते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आणि जुनी उपकरणं स्वतःजवळ घेऊन बसा. या काळात दुसरी मागणीही करू नका, पहिलीचा निकाल लागू द्या.

थांब संपली की दिलेल्या पत्त्यावर मेल येतो आणि त्यात नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक असते. ती जास्त वेळ चालत नाही, म्हणून आली की लगेच, आणि शक्यतो त्याच लॅपटॉपवर उघडा. काकांच्या मुलाच्या पेटीत ती रात्री उशिरा आली. मुलगा पुण्याला निघायच्या आधी दोघांनी बसून पासवर्ड बदलला आणि खातं उघडलं.

नकार आला तर

हे खातं तुमचंच आहे याची खात्री गूगलला पटवता आली नाही, असा संदेश आला तर त्या क्षणी पुन्हा तेच करण्यात अर्थ नाही. पुढच्या प्रयत्नात काहीतरी बदललेलं असायला हवं. वेगळं ओळखीचं उपकरण, वेगळा जुना पासवर्ड, पूर्वी सोडून दिलेल्या प्रश्नाचं उत्तर, किंवा हॉटेलने चालू करून दिलेला पत्ता. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा, म्हणजे कशाने पडद्यावरचे प्रश्न पुढे गेले ते कळतं. नवा प्रश्न विचारला गेला तर तुम्ही योग्य दिशेने आहात असं समजा. दोन प्रयत्नांत निदान एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा.

प्रयत्न कधीपर्यंत चालू ठेवायचे? खातं दोन वर्षं कुठेच वापरलं गेलं नसेल तर गूगल ते पुसून टाकू शकतं. हे धोरण २०२३ मध्ये जाहीर झालं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून अशी खाती पुसायला सुरुवात झाली. म्हणून एखादं खातं वर्षानुवर्षं पडून असेल तर ‘बघू कधीतरी’ म्हणत ठेवू नका.

या टप्प्यावर थकलेली माणसं समाजमाध्यमांवरच्या ‘शंभर टक्के खातं परत’ वाल्यांकडे जातात. त्यांच्याकडे गूगलच्या आत जायची कोणतीही वाट नसते. ते आगाऊ पैसे घेतात, किंवा तुमच्याकडून जुना पासवर्ड आणि नव्या फोनवरचे ओटीपी काढून घेऊन बँकेपर्यंत पोचतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

खातं मिळाल्यावर पहिला अर्धा तास

आनंदात बाकीची कामं राहून जातात. myaccount.google.com/security उघडा. जुना नंबर आणि जुना पत्ता काढून आजचे घाला. नंबर शक्यतो तो घाला जो घरात दुसरं कोणी वापरत नाही आणि ज्याचं रिचार्ज चुकत नाही. पर्यायी पत्ता म्हणून नोकरीचा पत्ता कधीच नको. मुलाचा किंवा बायकोचा चालेल. बदल केल्यानंतरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरावर किंवा जुन्या पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं, म्हणून त्या आठवड्यात साइन आउट करून ‘चालतंय का बघू’ असला प्रयोग करू नका.

त्याच पानावर आत्ता कोणकोणती उपकरणं साइन-इन आहेत ते पाहा आणि न ओळखता येणारी काढा. मग Gmail च्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. मधल्या काळात कोणी आत आलं असेल तर तो पत्रं स्वतःकडे वळवायची सोय करून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी ती तशीच राहते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून बॅकअप कोड छापून घ्या. काकांनी तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवला, आणि माझ्या मते घरात त्याला तीच योग्य जागा. २०२५ मध्ये गूगलने रिकव्हरी कॉन्टॅक्ट नावाची सोयही आणली: विश्वासातल्या माणसाचं नाव आधी नोंदवून ठेवलं तर अडकल्यावर तो आकडा जुळवून तुमची ओळख पटवायला मदत करू शकतो, आणि तुमच्या खात्यात मात्र त्याला शिरता येत नाही. आखातात नोकरीला निघालेल्या मुलांनी तरी हे निघायच्या आधीच करून ठेवावं.

खातं मिळालंच नाही तर

तेव्हा नवं खातं काढून कामाच्या क्रमाने पत्ते बदला. सर्वात आधी बँक. शाखेत स्वतः जाऊन अर्ज द्या, कारण जुन्या पेटीत येणारी स्टेटमेंटं आणि सूचना दुसऱ्या कोणी वाचल्या तर नुकसान तिथेच होतं. नंतर आयकराचं पोर्टल: आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आधार ओटीपीने आत जाऊन संपर्काचा ईमेल बदलता येतो. आधारवरचा ईमेल पत्ता आधार केंद्रात बदलून घ्या. मग एलआयसी, म्युच्युअल फंड, गॅसची नोंदणी अशी बाकीची यादी. जिथे लॉगिनसाठी जुना ईमेलच लागतो तिथे मोबाइल ओटीपीचा पर्याय आहे का ते आधी पाहा, नसेल तर त्या संस्थेच्या ग्राहक सेवेला जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते लिहून कळवा.

जुन्या खात्यातले फोटो आणि पत्रं, खातं पुसलं जात नाही तोवर, गूगलकडेच राहतात. म्हणून सापडलेले जुने पासवर्ड, कोणत्या उपकरणावर कधी प्रयत्न केला त्याची नोंद आणि तो ओळखीचा लॅपटॉप जपून ठेवा. काही महिन्यांनी कपाटातून आणखी एखादा जुना फोन निघाला, तर तो चार्जरला लावून घरच्या वाय-फायला जोडा आणि Gmail उघडून बघा.